पंप सुरू होताना दिवे का मंदावतात?

पाण्याचा पंप सुरू केला की दिवे क्षणभर मलूल होतात आणि पुन्हा उजळतात. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होतानाही बऱ्याच घरांत हे घडतं. थांबलेली मोटर पहिली गती घेताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. सहा अँपिअरवर चालणारा एक हॉर्सपॉवरचा पंप त्या क्षणी सुमारे 36 अँपिअर मागतो. वायरमधून जितका करंट जास्त, तितकं व्होल्टेज वाटेतच खर्च होतं.

मीटर घरापासून तीस मीटरवर असेल आणि वायर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर जाण्यायेण्याच्या वायरीचा एकूण रोध साधारण 0.3 ओहम भरतो. पंप सुरू होताना तिथे सुमारे 11 व्होल्ट जातात. हे नजरेला जेमतेम जाणवतं आणि त्यात काळजीचं काही नाही. पण मेन स्विचमधला एखादा स्क्रू सैल होऊन अर्ध्या ओहमची भर पडली, तर आणखी 18 व्होल्ट गळतात. मग दिवा स्पष्ट मंदावतो. खरा धोका मात्र गीझरसारख्या सतत चालणाऱ्या लोडचा असतो. नऊ अँपिअरला त्या एकाच जोडावर सुमारे 40 वॅट उष्णता तयार होते. साधी सोल्डरिंग गन 25 वॅटची असते, हे लक्षात घ्या.

दोष शोधायला आधी डोळेच वापरावेत. पंप सुरू होताना एकाच खोलीचे दिवे मंदावत असतील, तर दोष त्या खोलीच्या आणि पंपाच्या सामाईक वायरीत असतो. साऱ्या घराचे मंदावत असतील, तर तो मेन स्विच किंवा मीटरच्या बाजूला असतो. शेजाऱ्यांचेही मंदावत असतील, तर खांबावरची लाईन पाहावी लागते.

पुढचं काम वायरमनचं, कारण मेन बंद केला तरी त्याच्या आधीची वायर जिवंतच राहते. तो गीझर बंद आणि चालू ठेवून एकेका ठिकाणी व्होल्टेज मोजतो. समजा, गीझर बंद असताना सगळीकडे 232 व्होल्ट दिसले. चालू केल्यावर मीटरजवळ 231, मेन स्विचच्या आत येणाऱ्या टोकाला 228 आणि बाहेर जाणाऱ्या टोकाला 224 दिसले. मीटर ते स्विच हा तीन व्होल्टचा फरक लांब वायरीचा, तो रास्त आहे. पण स्विचच्या दोन बोटांच्या अंतरात चार व्होल्ट गेले, म्हणजे दोष तिथेच! तो फेजमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये, हे दोन्ही टोकं वेगवेगळी मोजून कळतं. काळं पडलेलं, वितळलेलं टर्मिनल नुसतं आवळून भागत नाही. वायरीचं जळकं टोक कापून स्विच बदलावा.

एक लक्षण मात्र क्षणभरही दुर्लक्षू नये. पंप सुरू होताना काही दिवे मंदावतात आणि काही उलट जास्त तेजाळतात, तर थ्री-फेज जोडणीची न्यूट्रल सुटत आली आहे. अशा वेळी टीव्ही, फ्रिज जळू शकतात. मेन बंद करा आणि वीज कंपनीला 1912 वर लगेच कळवा.