ईमेलच्या विषयात ‘अर्जंट’ लिहून भागत नाही

भोसरीतल्या एका लहान कारखान्याचं उदाहरण घेऊ. सांगलीच्या एका पुरवठादाराकडून सप्टेंबरच्या शेवटी माल आला, सोबत बिल क्रमांक ४१७. माल दोन लाखांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६,००० रुपये. कारखान्याचं दुसरं युनिट वापीला आहे आणि बिल करणाऱ्याने चुकून वापीचाच जीएसटी नंबर टाकला. नंबर खराच असल्यामुळे सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. फक्त सुरुवातीला महाराष्ट्राच्या २७ ऐवजी गुजरातचे २४ आले. पुरवठादाराने असंच रिटर्न भरलं, तर ३६,००० रुपयांचं क्रेडिट भोसरीच्या खात्यात दिसणार नाही. पुरवठादाराच्या विक्रीच्या रिटर्नची, म्हणजे जीएसटीआर-१ची, मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते. आज ७ ऑक्टोबर, मंगळवार. कारखान्याच्या अकाउंटंटबाई मेल लिहायला बसल्या आहेत.

अशा वेळी विषयाच्या रकान्यात पहिल्यांदा जे पडतं ते ‘बिलाबाबत’. सांगलीच्या त्या दुकानात दिवसाकाठी येणारे निम्मे मेल बिलाबाबतच असतात. कोणतं बिल, काय झालं, मी काय करायचं, यातलं काहीच त्या शब्दातून कळत नाही. मग मेल उघडायचा राहतो. चार दिवसांनी आठवण करून द्यायची वेळ येते, तेव्हा विषय होतो ‘अर्जंट!!! कृपया त्वरित लक्ष द्यावे’. इथे घाई दिसते, पण ती पाठवणाऱ्याची. वाचणाऱ्याला स्वतःच्या टेबलावरचं काम बाजूला ठेवायला कारण मिळत नाही. शिवाय ‘अर्जंट’ हा शब्द जाहिरातवाल्यांनी आणि फसवणूक करणाऱ्यांनी इतका वापरला आहे की तो दिसला की हात आखडता होतो. इंग्रजीत सगळी अक्षरं मोठी करून लिहिलेला विषय तर काही स्पॅम फिल्टरच्या नियमांतही मोजला जातो.

तिसरा प्रयत्न बरा असतो: ‘बिल ४१७ मध्ये जीएसटी नंबर चुकला आहे’. आता निदान कशाबद्दल ते कळलं. पण ही तक्रार झाली. पुरवठादार मनात म्हणेल, ‘बरं, बघू पुढच्या महिन्यात.’ त्याने काय करायचं आणि कधीपर्यंत, हे अजून आलेलं नाही. म्हणून चौथा:

‘बिल ४१७ चा जीएसटी नंबर बदला, शनि. ११ ऑक्टो.पर्यंत – ३६,००० क्रेडिट अडकेल’

यात ‘तातडी’ हा शब्द कुठेही नाही, तरी तातडी कळते, कारण तारीख आणि नुकसान दोन्ही समोर आहेत. तारीख पुरवठादाराच्या ओळखीची आहे; त्याला त्या दिवशी रिटर्न भरायचंच आहे. उगाच दोन दिवस अलीकडची खोटी मुदत घातली असती, तर ती त्याने लगेच ओळखली असती आणि पुढच्या वेळची खरी मुदतही त्याला खोटीच वाटली असती.

शब्दांच्या क्रमाकडे जरा थांबून पाहायला हवं. मोबाइलवर इनबॉक्समध्ये विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरं दिसतात, पुढे तीन टिंबं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्य लिहिलं की नेमकं करायचं काम त्या टिंबांत गडप होतं. आपल्यावर सरकारी पत्रांचा संस्कार आहे: ‘आपणाकडून दि. २७ सप्टेंबर रोजी प्राप्त झालेल्या देयकातील नोंदणी क्रमांकामध्ये दुरुस्ती करून मिळणेबाबत’. कागदावर विषयाला पूर्ण ओळ असते, तिथे हे खपून जातं. मोबाइलवर यातलं ‘आपणाकडून दि. २७ सप्टेंबर रोजी प्राप्त’ एवढंच दिसेल. म्हणून पहिलं वाक्य इतकं आखूड हवं की ‘बदला’, ‘मंजुरी द्या’, ‘सही करा’ हे पाचव्या-सहाव्या शब्दाच्या आत यावं. तारीख त्याच्या लगेच मागे आणि कारण शेवटी. कापलं गेलं तर कारण कापलं जावं. आज्ञार्थ उद्धट वाटेल अशी शंका येते. ज्येष्ठ माणूस असेल तर ‘बदलावा, ही विनंती’ मेलच्या आत लिहा. विषयात ‘बदलून द्यावा’ एवढं पुरतं.

‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द मात्र विषयात नकोत. ‘उद्यापर्यंत हवे’ असा मेल मंगळवारी रात्री गेला आणि बुधवारी सकाळी उघडला, तर वाचणारा गुरुवार धरून चालतो. वार आणि तारीख दोन्ही लिहिली की हा घोळ होत नाही.

इनबॉक्समध्ये विषयाच्या शेजारी किंवा खाली मेलमधली पहिली ओळ फिक्या अक्षरांत दिसते. तिथे ‘नमस्कार साहेब, आपण कुशल असाल अशी आशा आहे’ असं गेलं, तर फुकट मिळालेली जागा वाया गेली. अकाउंटंटबाईंनी नमस्काराला लागूनच ‘बिलावर वापीचा (२४) नंबर आहे, भोसरीचा (२७) हवा’ असं लिहिलं, तर पुरवठादाराच्या माणसाला मेल न उघडताही चूक कळते.

आणखी एक खोड आपल्या सगळ्यांना असते. पत्ता शोधायचा कंटाळा, म्हणून त्याच माणसाचा जुना मेल काढून त्यालाच उत्तर टाकायचं. मग जीएसटीची गोष्ट ‘Re: दिवाळीच्या शुभेच्छा’ या विषयाखाली जाते आणि आठवड्याने शोधू म्हटलं तर सापडत नाही. जीमेलमध्ये संगणकावर उत्तर लिहिताना डावीकडच्या बाणावर टिचकी मारली की ‘Edit subject’ हा पर्याय मिळतो. तिथे विषय बदलला की मेल जुन्या साखळीतून निघून स्वतंत्र संभाषण होतो. चालू असलेल्या चर्चेत हे मुद्दाम टाळायचं असतं, कारण साखळी तुटते आणि मागचा संदर्भ समोर राहत नाही. कामच बदललं असेल तर तुटलेली बरी.

विषयात काय लिहू नये यालाही मर्यादा आहे. फोन कुलूपबंद असतानाही पडद्यावर विषय झळकतो, शेजारी बसलेल्याला वाचता येतो. बिलाचा क्रमांक आणि रक्कम चालेल. कुणाचा पगार, आजारपण, आधार क्रमांक, खाते क्रमांक नको. तिथे ‘रजेच्या अर्जावर गुरु. ९ ऑक्टो.पर्यंत निर्णय हवा’ एवढंच लिहावं, कारण आत.

पाठवण्याआधी एक छोटी तपासणी पुरते. विषय स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून मोबाइलवर बघा. मेल न उघडता ‘कोणतं काम, कधीपर्यंत’ हे कळलं, तर ओळ जमली. ‘कधीपर्यंत’चं उत्तर तुमच्याकडेच नसेल, तर ते काम तातडीचं नाही, मग विषयाच्या सुरुवातीला सरळ ‘माहितीसाठी’ लिहा. रोज अर्जंट न ओरडणाऱ्या माणसाची ११ तारीख लोक गंभीरपणे घेतात. आणि काम खरोखर दोन तासांत हवं असेल, तर मेल पाठवून थांबू नका, फोन उचला.