थेंबाचं वजन आणि नळीला चिकटून राहणारा तिसरा हिस्सा

सलाइनच्या सेटचं पाकीट नीट पाहिलं, तर त्यावर एक आकडा छापलेला दिसतो. साध्या सेटवर २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, आणि लहान मुलांसाठी वापरतात त्या मायक्रो सेटवर ६० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. द्रव तोच, तरी थेंब तिप्पट लहान, कारण मायक्रो सेटमध्ये थेंब ज्या नळीच्या टोकाला लटकतो ती फार बारीक असते. नळीची जाडी ठरली की थेंबाचं माप ठरतं, इतकं ते पक्कं असतं. म्हणूनच नर्स थेंब मोजून औषधाचा वेग ठरवू शकते.

हेच गणित उलटं फिरवलं, तर थेंबाच्या वजनावरून द्रवाचं पृष्ठताण काढता येतं. थॉमस टेट यांनी १८६४ मध्ये थेंबांच्या वजनाचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामागचा विचार सरळ आहे. नळीच्या टोकाला लटकणाऱ्या थेंबाला गुरुत्वाकर्षण खाली ओढतं आणि नळीच्या कडेभोवती द्रवाचा पृष्ठभाग त्याला वर धरून ठेवतो. या पकडीचं बळ म्हणजे पृष्ठताण गुणिले कडेचा परीघ. थेंब वाढत वाढत या पकडीपेक्षा जड झाला की सुटतो.

आता प्रत्यक्ष करून पाहू. काचेची नळी घ्यायची, तिचं टोक सपाट आणि नळीशी काटकोनात घासलेलं हवं. पाणी काचेला भिजवतं, त्यामुळे ते टोकाच्या तळावर पसरून बाहेरच्या कडेला जाऊन थांबतं. म्हणून हिशेबात बाहेरची त्रिज्या घ्यायची, आतल्या भोकाची नाही. आमच्या उदाहरणात स्क्रू गेजने मोजलेला बाहेरचा व्यास ४.०० मिमी, म्हणजे त्रिज्या २.०० मिमी. एकच थेंब तोलण्यात अर्थ नाही, म्हणून ५० थेंब झाकणाच्या बाटलीत जमवून तोलायचे. २५ अंश सेल्सिअसला ५० थेंबांचं वजन ३.०० ग्रॅम भरलं असं धरू, म्हणजे एक थेंब ६० मिलिग्रॅमचा.

या थेंबावरचं गुरुत्वबळ ०.००००६० किलो गुणिले ९.८, म्हणजे ०.०००५८८ न्यूटन. कडेचा परीघ २ × ३.१४१६ × ०.००२, म्हणजे ०.०१२५७ मीटर. भागाकार केला की ०.०४६८ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे ४६.८ मिलिन्यूटन प्रति मीटर मिळतात. पण २५ अंशाला शुद्ध पाण्याचं पृष्ठताण ७२.० आहे. उत्तर तिसऱ्या हिश्शाने कमी आलं, आणि हा तोलण्याचा दोष नाही.

थेंब सुटताना जवळून पाहिलं की कारण कळतं. आधी तो फुगतो, मग नळीच्या टोकाखाली त्याला मान येते, मान बारीक होत जाते आणि तुटते. मानेच्या वरचा द्रव नळीलाच चिकटून राहतो. पडतो तो सगळा लटकलेला द्रव नव्हे, त्याचा साधारण दोन तृतीयांश. शिवाय तुटलेल्या मानेतून मागोमाग एक चिमुकला थेंब पडतो. तोही बाटलीत जातो आणि वजनात धरला जातो.

किती हिस्सा पडतो हे हार्किन्स आणि ब्राउन यांनी १९१९ मध्ये काळजीपूर्वक मोजून तक्त्यात मांडलं. तक्ता पाहण्यासाठी एकच आकडा लागतो: नळीची त्रिज्या भागिले थेंबाच्या घनफळाचं घनमूळ. आपल्या थेंबाचं घनफळ ६० भागिले ०.९९७, म्हणजे ६०.२ घन मिमी, त्याचं घनमूळ ३.९२ मिमी. २.०० भागिले ३.९२ केलं की ०.५१० येतं. तक्त्यात ०.५० समोर ०.६५१५ आणि ०.५५ समोर ०.६३६२ आहे, त्यामुळे ०.५१० साठी ०.६४८ घ्यायचे. ४६.८ ला ०.६४८ ने भागलं की ७२.२. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आलो.

एका सूत्रात मांडायचं तर असं, इथे m थेंबाचं वस्तुमान, r त्रिज्या आणि f हा तक्त्यातला गुणक:

γ = mg / (2πrf)

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये बहुतेक ठिकाणी हा गुणक टाळून तुलना करतात: पाण्याचा थेंब आणि दुसऱ्या द्रवाचा थेंब, दोन्ही त्याच नळीतून. युक्ती सोयीची आहे, पण तिची मर्यादा सांगितली जात नाही, आणि ती सांगायलाच हवी. त्याच नळीतून इथेनॉलचे थेंब पाडले तर एक थेंब साधारण १७.१ मिलिग्रॅमचा येईल. नुसती तुलना केली तर ७२.० × १७.१ भागिले ६०, म्हणजे २०.५. खरं मूल्य २२.० आहे. सात टक्क्यांची चूक, कारण इथेनॉलचा थेंब लहान असल्यामुळे त्याचा गुणक ०.६४८ नव्हे तर ०.६०८ आहे. तो घेतला की उत्तर २१.९ वर येतं. दोन द्रवांचे थेंब जवळपास सारख्या आकाराचे असतील तरच नुसती तुलना चालते.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त होते ती घाईत. थेंब भरभर पडले की मान तुटेपर्यंत तिच्यातून आणखी द्रव खाली उतरतो, थेंब जड होतो आणि उत्तर फुगतं. ओळखायची रीत सोपी: वेग निम्मा करून पुन्हा तोला. सरासरी वजन बदललं तर आधीचा वेग जास्त होता. दुसरी चूक टोकाची. ते चिरलेलं असेल किंवा बोटांचं तेल लागलेलं असेल तर थेंब एका बाजूला झुकून लटकतो, आणि मग परिघाचा हिशेबच खोटा ठरतो. तिसरी व्यासाची: ४ मिमीमध्ये ०.१ मिमी चुकलं की उत्तरात जवळपास २ टक्के जातात.

साबणाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. साबणाचे रेणू पृष्ठभागावर येऊन बसायला वेळ घेतात. थेंब लवकर सुटला तर पृष्ठभाग अजून अर्धवट भरलेला असतो आणि ताण खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून अशा द्रवासाठी थेंबाचा शेवटचा भाग फार सावकाश वाढवावा लागतो.

कड्याची पद्धत याच विचारावर उभी आहे. लकोंत द्यु न्वी यांचं उपकरण १९१९ मधलं. प्लॅटिनम-इरिडियमच्या तारेचं कडं ज्योतीत तापवून स्वच्छ करायचं, द्रवात आडवं बुडवायचं आणि हळूहळू वर ओढायचं. द्रवाचा पडदा कड्याच्या आतून आणि बाहेरून असा दोन्हीकडे धरतो, म्हणून परीघ दुप्पट. ६ सेंमी परिघाच्या कड्यासाठी ०.१२ मीटर गुणिले ०.०७२, म्हणजे ८.६४ मिलिन्यूटन, सुमारे ०.८८ ग्रॅम वजनाइतकं बळ. इथेही कड्याखाली उचललेल्या द्रवासाठी दुरुस्तीचा गुणक लागतोच. तो हार्किन्स आणि जॉर्डन यांनी १९३० मध्ये दिला. वाचन घेताना पडदा तुटण्याच्या क्षणाचा आकडा न घेता त्याआधी गाठलेला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, कारण कडं वर सरकताना ओढ आधी कमाल गाठते आणि तुटण्यापूर्वी थोडी उतरते. कडं किंचित जरी वाकलं किंवा तिरपं झालं तरी परीघ सगळीकडे एकदम सुटत नाही, आणि पुन्हा पुन्हा मोजूनही तोच चुकीचा आकडा येत राहतो.