काट्यापर्यंतची आच

मासळीबाजारातून 400 ग्रॅमचं एक पापलेट अख्खं आणलं आणि सोबत रावसाची दोन सेंटिमीटर जाडीची फिले, म्हणजे काटा काढून कातडीसकट सोडवलेली फाक. दोन्हींना मीठ-हळद-तिखट आणि कोकमाचं आगळ तेच. तरी एकाच आचेवर एकत्र टाकली, तर एकाचा चोथा होतो किंवा दुसरं काट्याशी कच्चं राहतं.

फाकेत उष्णता वरखालून शिरते, वाटेत काटा नाही. म्हणून तिला आच मोठी आणि वेळ थोडा. तवा चांगला तापवावा, तेल टाकावं आणि फाक कातडीच्या बाजूने ठेवून पहिलं अर्धं मिनिट उलथण्याने हलकेच दाबावी. कातडी आकसते आणि दाबलं नाही तर फाकेची नाव होते. मग हात लावू नये. चारेक मिनिटांनी कातडी आपणहून तवा सोडते. चिकटली असेल, तर ती अजून तयार नाही एवढाच अर्थ. उलटल्यावर दीड-दोन मिनिटं पुरेत. फाकेची कड सारं सांगते: काचेसारखं अर्धपारदर्शक मांस खालून दुधी होत वर सरकतं. दोनतृतीयांश उंची पांढरी झाली की उलटायची वेळ. पृष्ठभागावर पांढरे थेंब दाट साचू लागले, तर आच जास्त झाली. ती मांसातून बाहेर आलेली प्रथिनं.

पापलेटाचं गणित वेगळं. मधला काटा शेवटी तापतो, आणि तोवर मोठ्या आचेवर वरचं तिखट काळं पडून कडू होतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन तिरप्या चिरा द्याव्यात. मासा पुसून कोरडा करून मसाला लावावा आणि रव्यात घोळवावा. गरम तव्यावर टाकल्यावर मिनिटभराने आच मध्यमाहून खाली आणावी. प्रत्येक बाजूला साधारण सहा-सात मिनिटं. झाकण मात्र नको, वाफेने रवा मऊ पडतो. (आमच्या घरी यावर वाद आहे, पण मी हटत नाही.)

रव्याचा सोनेरी रंग आतलं काही सांगत नाही, म्हणून चीर उघडून पाहावी. डोक्यामागच्या जाड भागात सुरीचं टोक घालून मांस उचलावं. काट्यापासून पाकळीपाकळीने सुटलं, ओलसर दिसलं आणि आत गुलाबी रक्त नसलं, तर मासा झाला. काट्याला चिकटून चकाकत राहिलं, तर मंद आचेवर आणखी दोन मिनिटं. पाठीचं पर ओढून सहज निघालं तरी तेच समजावं. पाकळ्या कोरड्या होऊन भुसभुशीत झाल्या, तर उशीर झालाय.

बांगड्याला पांढऱ्या रंगाची वाट पाहू नये. त्याचं मांस शिजूनही करडंच राहतं. तिथे चकाकी गेली का आणि मांस काट्यापासून सुटतं का, एवढंच बघायचं.