झोळ किती आणि ओढ किती?

गणपती-दिवाळीच्या दिवसांत गल्लीच्या दोन बाजूंच्या इमारतींमध्ये तार ताणतात आणि तिला दिवे, कंदील, कमानीचे फलक अडकवतात. तार जरा खाली आली की मांडवातले कोणीतरी हमखास ओरडते, "अजून ताणा!" झोळ दिसायला बरा दिसत नाही, म्हणून तो काढून टाकायची घाई असते. पण वजने पेलण्याचे काम तो झोळच करत असतो. तो जसजसा कमी होतो, तसतशी भिंतीतल्या खिळीवरची ओढ वाढत जाते आणि ती किती वाढते याचा बहुतेकांना अंदाज नसतो.

तारेचा एक गुण इथे सगळे ठरवतो. तार फक्त ओढली जाऊ शकते, तिला दांडीसारखे वाकून भार पेलता येत नाही. म्हणून वजने टांगली की दोन वजनांमधला प्रत्येक तुकडा सरळ रेषेत येतो आणि जिथे वजन लटकते तिथे तार मोडते. तीन वजने असली तर चार सरळ तुकडे. या तुटक रेषेचा अभ्यास फ्रेंच गणिती पिएर व्हारिन्यों यांनी केला. त्यांचा स्थितिशास्त्रावरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोरीवर टांगलेल्या वजनांचा विचार त्यांच्याही आधी सायमन स्टेव्हिन यांनी केला होता.

आता एक हिशेब पुरता करून पाहू. दोन भिंतींमध्ये २० मीटर अंतर आहे आणि तारेची दोन्ही टोके एकाच उंचीवर आहेत. डाव्या भिंतीपासून ५ मीटरवर ४० किलोचा फलक, मधोमध १० मीटरवर ६० किलोची कमान आणि १५ मीटरवर २० किलोचा मोठा कंदील. एकूण १२० किलो. सोपे जावे म्हणून ओढही किलोतच मोजू आणि तारेचे स्वतःचे वजन सध्या सोडून देऊ.

आधी उभा भार कोणत्या भिंतीवर किती येतो ते पाहायचे. इथे तार विसरून त्या जागी दोन टोकांवर टेकवलेली फळी आहे असे समजले तरी चालते. वजन ज्या भिंतीजवळ, तिच्यावर त्याचा वाटा जास्त. ४० किलोपैकी ३० डावीकडे जातात, ६० पैकी निम्मे म्हणजे ३०, आणि दूरच्या २० किलोपैकी फक्त ५. डाव्या भिंतीवर ६५ किलो, उरलेले ५५ उजवीवर. यात झोळाचा कुठेही संबंध आला नाही.

मग तार मधोमध कापली आहे अशी कल्पना करायची आणि डावा भाग तोलायचा. भिंतीचे ६५ किलो वर ढकलतात, कापलेल्या जागेपासून १० मीटरवरून. ४० किलोचा फलक खाली ओढतो, ५ मीटरवरून. म्हणजे ६५० वजा २००, एकूण ४५० किलो-मीटर इतकी फिरवणारी ताकद उरते. ती तोलायला तारेकडे एकच साधन आहे, आडवी ओढ. तिची पकड जेवढा झोळ तेवढीच लांब. मधला झोळ दीड मीटर असेल, तर आडवी ओढ ४५० भागिले १.५, म्हणजे ३०० किलो.

आणि ही ३०० किलोची आडवी ओढ चारही तुकड्यांत सारखीच असते, कारण वजने सरळ खाली लटकतात, ती आडवे काहीच ओढत नाहीत. साऱ्या हिशेबाची किल्ली हीच आहे. एका जागेचा झोळ मोजला की बाकीचे झोळ आपोआप मिळतात. फलकाच्या जागी फिरवणारी ताकद ६५ गुणिले ५, म्हणजे ३२५. तिला ३०० ने भागले की झोळ १ मीटर ८ सेंटिमीटर. कंदिलाच्या जागी उजवीकडून ५५ गुणिले ५, म्हणजे २७५. तिथला झोळ ९२ सेंटिमीटर.

राहिला प्रत्येक तुकड्यातला ताण. त्यासाठी तुकड्यातला उभा वाटा पाहायचा. पहिल्यात ६५ किलो, फलक ओलांडल्यावर २५, कमान ओलांडल्यावर २५ मधून ६० गेले, म्हणजे उलट्या दिशेने ३५, शेवटच्यात ५५. आडवी ओढ आणि उभा वाटा यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले की ताण मिळतो. पहिल्या तुकड्यात ३०७ किलो, दुसऱ्यात ३०१, तिसऱ्यात ३०२, चौथ्यात ३०५. सर्वांत जास्त ताण सर्वांत तिरक्या तुकड्यात येतो, म्हणून तार निवडताना तोच धरायचा. ताळाही इथेच पडतो. उभ्या वाट्याची दिशा जिथे उलटते, तिथेच तार सर्वांत खाली असली पाहिजे. आपल्या हिशेबात ती कमानीखाली उलटली. तसे झाले नसते, तर कुठेतरी बेरीज चुकली असे समजावे.

१२० किलोंसाठी ३०० किलोंची ओढ हीच अनेकांना जास्त वाटेल. आता मांडवातल्या माणसाचे ऐकून तार ताणू. झोळ पाऊण मीटर केला की ओढ ६०० किलो. १५ सेंटिमीटरवर आणला की ३,००० किलो, म्हणजे तीन टन, आणि तेही भिंतीला आडवे खेचणारे! विटांच्या भिंतीवर सरळ खाली येणारा भार ती सहज झेलते, पण बाहेर खेचणाऱ्या ओढीने खिळी विटेसकट निघू शकते.

लांबीचा हिशेब तर आणखी चकित करतो. दीड मीटर झोळाला चारही तुकड्यांची बेरीज २० मीटर २५ सेंटिमीटर भरते. पाऊण मीटर झोळाला फक्त ६ सेंटिमीटर जास्त तार पुरते, आणि १५ सेंटिमीटरला अडीच मिलिमीटर. तीन टनांच्या ओढीखाली बोटाएवढ्या जाडीचा पोलादी दोरसुद्धा त्याहून कितीतरी जास्त लांबतो. म्हणून बिनवजनाची तार कितीही घट्ट ताणली, तरी वजने टांगताच ती खाली येते. झोळ वजने चढवल्यावरच मोजायचा, रिकाम्या तारेचा नव्हे.

हिशेबाच्या मर्यादाही आहेत. एक भिंत उंच असली तर झोळ दोन टोके जोडणाऱ्या सरळ रेषेपासून उभा मोजायचा आणि उभे वाटे वेगळे काढायचे. झोळाऐवजी तारेची लांबीच ठाऊक असेल, तर अंदाजाने ओढ धरून लांबी जुळेपर्यंत हिशेब पुन्हा पुन्हा करावा लागतो. लांब आणि जड दोरांना स्वतःच्या वजनाने येणारा झोळ सोडून चालत नाही. आणि वजने तारेला पक्की बांधलेली हवीत. कप्पीवर मोकळी सोडली तर ती घरंगळून सर्वांत खालच्या जागी जमतात.

बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया गुएल या गिरणी-वस्तीतल्या चर्चसाठी आंतोनी गौदी यांनी हेच काम कागदावर न करता दोऱ्यांकडून करून घेतले. छताला दोऱ्या टांगून त्यांना छर्‍यांच्या छोट्या पिशव्या लावल्या, बांधकामाचे वजन दाखवायला. दोऱ्यांनी घेतलेला आकार उलटा केला की कमानींचा आकार मिळे. दोरीत जिथे ताण होता, तिथे दगडात दाब येई. १९०८ मध्ये बांधकाम सुरू झाले. १९१४ मध्ये गौदींनी काम सोडले तेव्हा फक्त तळघर उभे होते. ते आजही उभे आहे आणि तिरके खांब तिथे पाहता येतात.

गल्लीत तार बांधणाऱ्या मंडळांना मात्र दोऱ्यांचा नमुना करावा लागत नाही. वजने चढवल्यावर एक फूटपट्टी लावून मधला झोळ मोजा, वरच्या रीतीने ओढ काढा, आणि तेवढी ओढ भिंत व खिळी सोसेल का, हे जाणत्या माणसाला विचारा. नसेल सोसत, तर तार सैल सोडा.