बिलातले अडीचशे रुपये

वार्षिक सभेत प्रश्न आला, "रंगकामाला पैसे नाहीत म्हणता, मग सिंकिंग फंडात साठलेले कुठे गेले?"

खजिनदारांनी माइक घेतला. "ते बँकेत मुदत ठेवीत आहेत. रंगकाम दुरुस्ती निधीतून होतं. हा फंड इमारत पुन्हा बांधायला किंवा मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीला. त्यासाठीही वास्तुविशारदाचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो."

महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी या फंडात जाते. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. खर्च बारा लाख असेल, तर वर्षाला तीन हजार, महिन्याला अडीचशे. पुनर्बांधणीला एवढ्याने भागत नाही, हेही खरंच!

आपल्या सोसायटीच्या ताळेबंदात हा फंड आणि त्याची ठेव जुळते का, ते पाहा.