प्रश्नपेढी आणि शेवटचा महिना

दहावीच्या गणिताला महिना उरला की वर्गात एकच प्रश्न असतो, “सर, प्रश्नपेढी संपणार कशी?” अशा वेळी अनुभवी शिक्षक जे सांगतात ते साधारण असं असतं.

“पोरांनो, पेढी संपवायची नाहीये. उत्तर झाकून सोडवा. उत्तर वाचून ‘हे येतं मला’ वाटणं ही निव्वळ फसगत आहे. हे बघा: ५, ११, १७... या अंकगणिती श्रेढीचं विसावं पद काढा. कोणी ५ + २० × ६ करून १२५ लिहील. पण पहिल्या पदापासून विसाव्यापर्यंत फरक एकोणीसच वेळा मिळवायचा, म्हणून ५ + १९ × ६ = ११९. चुकलात तर नुसती फुली मारू नका, शेजारी लिहा, ‘n − १ विसरलो’. तीन-चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर पुन्हा करा. बरोबर आलं तर आठवड्याने एकदा, नाही आलं तर दुसऱ्याच दिवशी.

“पहिले पंधरा दिवस प्रकरणवार चालेल. नंतर मात्र प्रश्न मिसळा. श्रेढीच्या प्रकरणात सूत्र कुठलं ते मथळाच सांगतो, पेपरात कोण सांगणार? वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण तिथे ओळख न देता समोर येतं. दर रविवारी घड्याळ लावून दोन तासांत चाळीस गुणांचा पेपर सोडवा. शेवटच्या आठवड्यात नवं काही नको, फक्त चुकांची वही.”

यावर मागच्या बाकावरून हमखास विचारलं जातं, “पेढीतलेच प्रश्न येतात ना?” प्रकार ओळखीचे असतात, आकडे बदलतात. पाठ केलेलं ११९ तिथे कामाचं नाही.