तीन केबल आणि एक वजन

आज एका कडीचा हिशेब करू. कडीला तीन केबल बांधल्या आहेत आणि खाली वजन लटकते आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. एका बिंदूवर फक्त तीनच बले असतील आणि समतोल असेल, तर ती तिन्ही एकाच प्रतलात असतात. कारण दोघांची बेरीज तिसऱ्याच्या बरोबर उलट यावी लागते. तीन केबल तीन दिशांना पसरतात तेव्हा वजन हे चौथे बल असते. ते विसरलात तर गणित सुटणारच नाही.

कडी मूळबिंदूवर धरा. पूर्व x, उत्तर y, वर z. तिन्ही खुंट्या कडीपेक्षा 6 मीटर उंच आहेत. पहिली पूर्वेला 2 आणि उत्तरेला 3 मीटर. दुसरी पश्चिमेला 3 आणि उत्तरेला 2. तिसरी थेट दक्षिणेला 2.5 मीटर. वजन 612 किलो.

पहिल्या केबलची लांबी √(4+9+36) = 7. म्हणून तिच्या दिक्‌कोज्या 2/7, 3/7, 6/7. यांच्या वर्गांची बेरीज 1 येते का, हे लगेच तपासावे. दुसरीची लांबीही 7, तिसरीची 6.5. कोन मोजायला चांदा लागत नाही, फीत पुरते.

प्रत्येक ताणाला लांबीने भागून p, q, r म्हणू. अपूर्णांक टळतात:

2p − 3q = 0
3p + 2q − 2.5r = 0
6(p + q + r) = 612

उत्तर p = 30, q = 20, r = 52. इथेच पोरं थांबतात! हे ताण नव्हेत. लांबीने पुन्हा गुणायचे: 210, 140 आणि 338 किलो. पडताळा घ्या. उभे घटक 180, 120, 312, बेरीज 612. तिरक्या केबलच्या ताणांची बेरीज वजनापेक्षा जास्तच यायला हवी. इथे ती 688 आहे. 30, 20, 52 ची बेरीज 102 भरते, तिथेच चूक पकडता येते.

आता तिसरी खुंटी चुकून उत्तरेला ठोकली असे समजा. तिन्ही केबल उत्तरेकडेच ओढणार, दक्षिणेकडे कोणीच नाही. समीकरणे तरीही उत्तर देतात, पण त्यात ऋण ताण येतो. केबल ओढते, ढकलत नाही. म्हणून ऋण चिन्ह दिसले की कडी तिथे थांबणारच नाही, सरकेल. वरून पाहताना कडी तीन खुंट्यांच्या त्रिकोणाच्या आत हवी. (केबलचे स्वतःचे वजन आपण सोडले आहे; लांब, जड केबलला ते चालत नाही.)

जागा कमी म्हणून उंची 6 ऐवजी 3 मीटर ठेवली, तर p, q, r दुप्पट होतात. केबल आखूड झाल्या तरी दक्षिणेकडच्या केबलचा ताण 338 वरून सुमारे 406 किलोवर जातो, वजन तेच असताना.